फोटो कॅलेंडर दरवर्षी फसतंय? आधी पान, मग महिना, मग फोटो

साताऱ्यात शाहूपुरीतल्या आमच्या घरी स्वयंपाकघराच्या दाराशेजारी एक खिळा आहे. तिथे तिथीचं मोठं कॅलेंडर असतं, आणि त्यावर दुधाचे खाडे, गॅस कधी लावला, कामवाल्या मावशींची सुट्टी हे सगळं आई पेनने लिहीत असते. आई-अण्णांना वर्षभराच्या घरच्या फोटोंचं कॅलेंडर करून द्यायचं मी २०२४ साली सुरू केलं. पहिल्या वर्षीचं फेब्रुवारीपर्यंत टिकलं आणि मग कपाटामागे गेलं. दुसऱ्या वर्षीचं दिवाळीपर्यंत लटकलं, पण त्यात महिने चुकलेले होते. २०२६ चं मात्र रोज वापरात आहे आणि आई त्यावर लिहिते. मधल्या काळात काय काय चुकलं आणि ते कसं सुटलं, ते सविस्तर लिहिते, कारण या चुका जवळजवळ सगळ्यांच्या होतात आणि दर डिसेंबरात त्याच होतात.

माझी मूळ चूक एकच होती. मी फोटो आधी निवडत होते. रात्री फोन घेऊन बसायचं, आवडले ते बारा बाजूला काढायचे आणि दुकानात पाठवून द्यायचे. पानाचा आकार काय, वायर कुठे येणार, पुढच्या वर्षी सण कोणत्या महिन्यात आहेत, यातलं काहीच तोवर ठरलेलं नसायचं. मग फोटो पानात कोंबावा लागतो, आणि तिथेच तो बिघडतो.

फोनवर स्वच्छ दिसतो, छापल्यावर फाटतो

पहिल्या वर्षी पोवई नाक्याजवळच्या एका दुकानात फाइल दिल्या, तेव्हा मशीनवरच्या मुलाने स्क्रीनकडे बघूनच सांगितलं, "ताई, यातले सात फाटणार." फाटणार म्हणजे कडा करवतीसारख्या दिसणार, चेहऱ्यावर चौकोनी दाणे येणार. घाई होती, म्हणून मी "चालेल" म्हटलं. छापून आल्यावर अण्णांच्या चष्म्याची काडी पायऱ्या पायऱ्यांची दिसत होती.

ते सातही फोटो फॅमिली ग्रुपवरून घेतलेले होते. व्हॉट्सॲप साध्या दर्जात फोटो पाठवताना तो लहान करतं. माझ्याकडे आलेल्या त्या फोटोंची लांब बाजू १६०० पिक्सेल होती. भावाच्या फोनमधला मूळ फोटो ४००० बाय ३००० चा होता. हिशोब साधा आहे: फोटोची रुंदी पिक्सेलमध्ये घ्यायची आणि कागदावरच्या इंचांनी भागायची. डिजिटल छपाईत भिंतीवरच्या कॅलेंडरचं सर्रास चालणारं माप १२ बाय १८ इंच. त्यात फोटो १२ इंच रुंद येतो. १६०० भागिले १२ म्हणजे इंचाला १३३. मूळ फोटो असेल तर ३३३. भिंतीवरचं कॅलेंडर आपण हातभर लांबून बघतो, त्यामुळे १५० पर्यंत चालून जातं. त्याखाली चेहरे मऊ पडायला लागतात, आणि फोटो कापून मोठा केला असेल तर आणखी लवकर. ३०० असेल तर काळजीच नाही.

हे ओळखायला दुकानापर्यंत जावं लागत नाही. फाइलचं नाव बघा. `IMG-20251018-WA0012.jpg` असं नाव असेल, म्हणजे मध्ये WA असेल, तर तो व्हॉट्सॲपवरून आलेला आहे. ज्याने काढला त्याच्याकडून मूळ फोटो मागवायचा आणि मागवताना नीट सांगायचं: फोटो म्हणून पाठवू नकोस, पिनच्या चिन्हातून Document निवड आणि तिथून पाठव. HD चं बटण दाबल्याने बरंच वाचतं, पण Document मधून फाइल जशीच्या तशी येते आणि फोटो काढल्याची तारीखही आत शाबूत राहते. या तारखेचं महत्त्व पुढे येईल.

मूळ फोटो मिळतच नसेल तर? माझ्या मते तेव्हा भिंतीचा हट्ट सोडून टेबल कॅलेंडर करावं. ८ बाय ६ इंचाच्या पानावर तोच १६०० चा फोटो इंचाला २०० बसतो आणि छान दिसतो. मामाच्या घरचे सगळे फोटो ग्रुपवरचेच होते आणि मूळ फोन बिघडलेला होता, तेव्हा मी त्यांच्यासाठी टेबलावरचंच केलं. टीव्हीशेजारी ठेवलेलं ते आजही तिथेच आहे.

डोकी कापली जातात, पाय उरतात

हा दोष आडव्या-उभ्याचा आहे. १२ बाय १८ च्या उभ्या पानात वरचा अर्धा भाग फोटोला आणि खालचा अर्धा तारखांना दिला, तर फोटोची जागा उरते १२ बाय ९. हे प्रमाण ४:३, म्हणजे फोनच्या नेहमीच्या आडव्या फोटोचंच. आडवा फोटो त्यात काही न कापता बसतो. पण आपण फोन उभा धरतो. उभा फोटो त्याच जागेत भरला की त्याची ४४ टक्के उंची कापावी लागते. दुकानातला माणूस घाईत मधोमध कापतो, आणि उभ्या माणसाचा मधला भाग म्हणजे पोट. आमच्या पहिल्या कॅलेंडरात मे महिन्यात आई गळ्यापासून गुडघ्यापर्यंत होती.

उभे फोटो टाकून द्यायचे नसतील तर दोन उभे शेजारी शेजारी लावा. प्रत्येकाला ६ बाय ९ ची जागा मिळते आणि प्रत्येकाच्या रुंदीतून फक्त ११ टक्के जातात, तेही कडेचे. यंदाच्या एप्रिलच्या पानावर मी हेच केलंय. डाव्या बाजूला गच्चीवर आई कुरडया घालतेय, डोक्यावर पदर, हातात साचा. उजव्या बाजूला अण्णा त्याच गच्चीवर काठी घेऊन कावळे हाकताहेत. दोन्ही उभेच काढलेले, एकाच सकाळचे. वेगवेगळे लावले असते तर दोन्ही वाया गेले असते. एकत्र आल्यावर ते पान आईचं सगळ्यात आवडतं झालं.

दुसरी गोष्ट वायरची. वायरोसाठी, म्हणजे पानं एकत्र धरणाऱ्या तारेसाठी, पानाच्या वरच्या काठाला ओळीने भोकं पाडतात आणि मधोमध खिळ्यासाठी अर्धगोल काप असतो. फोटो अगदी काठापर्यंत नेलात तर साधारण दीड सेंटिमीटर पट्टा भोकांत जातो. ग्रुप फोटोत मागच्या ओळीतला उंच माणूस मधोमध उभा असतो, आणि अर्धगोल नेमका तिथेच येतो. आमच्याकडे तो मान भावाला मिळाला. दुकानात सांगून वर दोन सेंटिमीटरची कोरी पट्टी ठेवून घ्या आणि फोटो तिच्याखालून सुरू करा. बाकीच्या तीन बाजूंनी कटिंगमध्ये दोन-तीन मिलिमीटर जातातच, म्हणून चेहरा किंवा हात काठापासून किमान एक सेंटिमीटर आत हवा.

दिवाळी संपली आणि मग दिवाळीचं पान आलं

हे निवडीचं खरं दुखणं आहे, आणि यावर मला कुणी आधी सांगितलेलं नव्हतं. २०२५ चं कॅलेंडर करताना मी २०२४ चे फोटो ज्या महिन्यात काढले त्याच महिन्यात लावले. २०२४ चं लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं, म्हणून अंगणातल्या किल्ल्याचा फोटो नोव्हेंबरात गेला. २०२५ साली लक्ष्मीपूजन आलं २१ ऑक्टोबरला आणि भाऊबीजही ऑक्टोबरातच झाली. घरात पणत्या लागलेल्या असताना भिंतीवर कोजागरीचं दूध, आणि फराळाचे डबे रिकामे झाल्यावर किल्ला. अण्णा काही बोलले नाहीत, फक्त दिवाळीत त्यांनी पान एक महिना आधीच उलटून ठेवलं. मग तारखा चुकायला लागल्या आणि आईने परत तिथीचं कॅलेंडर बघायला सुरुवात केली.

आपले सण तिथीने येतात आणि कॅलेंडरचं पान इंग्रजी महिन्याचं असतं. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान, म्हणून सण दरवर्षी तेवढे मागे सरकतात. आणि साधारण तीन वर्षांनी अधिक महिना आला की एकदम पुढे जातात. २०२६ साली अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. त्यामुळे त्याच्यानंतरचे सगळे सण २०२५ च्या मानाने अठरा-एकोणीस दिवस पुढे गेले. फोटो कधी काढला यापेक्षा तो प्रसंग पुढच्या वर्षी कोणत्या पानावर येणार, हे आधी बघायचं. त्यासाठी फोटो उघडण्याआधी पुढच्या वर्षाचं तिथीचं कॅलेंडर हातात घ्या आणि कागदावर बारा ओळी आखून त्यात सण लिहा.

२०२६ साठी मी ते असं केलं. गणपती २०२५ ला २७ ऑगस्टला बसले होते, २०२६ ला १४ सप्टेंबरला. म्हणजे ऑगस्टमध्ये काढलेला गणपतीचा फोटो सप्टेंबरच्या पानावर. दसरा २ ऑक्टोबरवरून २० ऑक्टोबरला गेला, तो ऑक्टोबरातच राहिला. दिवाळीचा फोटो ऑक्टोबरात काढलेला, पण लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, म्हणून तो नोव्हेंबरात. पालखीचं असंच झालं. २०२५ च्या जूनअखेरीस आई-अण्णा लोणंदला माउलींच्या पालखीच्या दर्शनाला गेले होते. आषाढी ६ जुलैवरून २५ जुलैला गेली, म्हणजे माउली आपल्या जिल्ह्यात येणार जुलैमध्ये, आणि तो फोटो जूनमधून उचलून जुलैच्या पानावर गेला. गुढीपाडवा अधिक महिन्याच्या आधी येतो, म्हणून तो उलट मागे आला, ३० मार्चवरून १९ मार्चला. पान तेच राहिलं.

संक्रांत सूर्यावर चालते, तिला धक्का लागत नाही. ऋतूचे फोटोही तिथीने हलत नाहीत. फेब्रुवारीतली पाचगणीची स्ट्रॉबेरी फेब्रुवारीतच, मेमधले आंबे मेमध्येच. कासच्या पठारावरची फुलं बहरात असतात सप्टेंबरात, तिथे अधिक महिन्याचा संबंध नाही. आणि इथे माझी अडचण झाली. सप्टेंबरच्या पानावर गणपतीही आले आणि कासही. कासचा फोटो फार सुंदर होता. जांभळ्या फुलांच्या कडेला आई चप्पल हातात घेऊन उभी, मागे धुकं. तो ऑक्टोबरात ढकलला असता तर खोटा वाटला असता, कारण तोवर पठार वाळायला लागतं, आणि सातारकरांना ते ठाऊक असतं. शेवटी तो मुखपृष्ठावर घेतला. मुखपृष्ठाला महिना नसतो, म्हणून दोघांत भांडण लागेल असा एक चांगला फोटो तिथे जाऊ शकतो.

फोटोची तारीख ओळखतानाही सावध राहा. WA च्या नावातली तारीख फोटो तुमच्याकडे आला त्या दिवसाची असते, काढला त्या दिवसाची नसते. भावाने एप्रिलमधले लग्नाचे फोटो जूनमध्ये पाठवले, तर गॅलरीत ते जूनमध्येच दिसतात. मी असाच एक वर्षश्राद्धाच्या दिवशीचा फोटो सणाचा समजून जवळपास छापला होता. आईच्या साडीवरून लक्षात आलं. शंका वाटली की ज्याने काढला त्याला विचारायचं.

सप्टेंबर ते नोव्हेंबर गर्दी, जून-ऑगस्ट रिकामे

सण मांडून झाले की रिकामी पानं दिसतात. माझ्या कागदावर फेब्रुवारी, एप्रिल, जून, ऑगस्ट, डिसेंबर कोरे होते, आणि गणपतीचे एकट्याचे सत्तर फोटो होते. तिथे आणखी एक सणाचा फोटो कोंबण्याचा मोह होतो. तो टाळा. रिकाम्या महिन्यासाठी त्या महिन्यात घरात रोज काय चालतं ते शोधा, गॅलरीत त्या महिन्यावर जाऊन सलग सगळे फोटो बघा. जूनमध्ये मला अण्णांचा फोटो मिळाला. पहिल्या पावसात व्हरांड्यात खुर्ची ओढून बसलेत, चहाचा कप पन्हाळीखालून येणाऱ्या पाण्यापासून हाताने झाकलाय. भाचीने सहज काढलेला, कुणीही कॅमेऱ्याकडे बघत नाहीये. ऑगस्टला मात्र त्याच महिन्यातली राखी घेतली. ती २०२५ ला ९ ला होती, २०२६ ला २८ ला, दोन्हीकडे ऑगस्टच.

मग त्याच बारा ओळींच्या पुढे प्रत्येक फोटोत कोण आहे ते लिहायचं. हे मी यंदा पहिल्यांदा केलं, आणि करायलाच हवं असं माझं ठाम मत झालंय. गेल्या वर्षी आईने पान उलटता उलटता मोजलं होतं: भावाची मुलगी पाच पानांवर, माझा मुलगा दोन, आणि अण्णा एकाही पानावर नाहीत, कारण फोटो तेच काढतात. वहिनी फक्त एका ग्रुप फोटोत, तीही टोकाला. यंदा यादीतून हे लगेच दिसलं. अण्णांचे फोटो वहिनीच्या फोनमधून मिळाले, तिच्या फोनमध्ये मी कधी शोधलंच नव्हतं. घरातल्या प्रत्येक फोनमधून दहा-दहा फोटो मागवले की ही अडचण बरीच सुटते.

एक गोष्ट हळवी आहे. वर्षभरात घरातलं कुणी गेलं असेल तर त्यांचा फोटो घ्यायचा का, कुठे लावायचा, हे एकट्याने ठरवू नका. माझी थोरली मावशी मे महिन्यात गेली. मी तिचा फोटो मेच्या पानावर लावणार होते. छापण्याआधी आईला विचारलं. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "मेमध्ये महिनाभर रोज बघायला नको गं. संक्रांतीचा लाव, वाणाचं ताट घेऊन हसतीय तो." तो जानेवारीत लागला.

छापल्यावर काळवंडतात आणि पेन फिसकटतं

फोनची स्क्रीन स्वतः उजेड टाकते, कागद टाकत नाही. त्यामुळे रात्रीचे, पणत्यांचे, मंडपातले फोटो कागदावर काळपट उतरतात. तपासायला फोनचा ब्राइटनेस निम्म्यावर आणा आणि फोटो खिडकीच्या उजेडात बघा. चेहऱ्यावरचे डोळे नीट दिसत नसतील तर फोटो उजळ करा. पूर्ण फोटो उजळण्यापेक्षा सावल्यांची पट्टी वर नेली तर आकाश आणि पांढरे कपडे पांढरेफटक होत नाहीत. मग बाराही फोटो ४ बाय ३ इंचाचे करून एकाच १२ बाय १८ च्या शीटवर तीन-तीनच्या चार ओळींत छापून घ्या, आणि ज्या कागदावर कॅलेंडर होणार त्याच कागदावर. एका शीटचा खर्च, पण कोणता काळवंडतो ते समोर येतं. यंदा दिवाळीचा आणि आरतीचा असे दोन मी यानंतर दुरुस्त केले.

कागद निवडताना चकचकीत आर्ट पेपर बघायला छान वाटतो. पण आमचं पहिलं कॅलेंडर भिंतीवरून उतरलं ते याच कारणाने. आईने त्यावर जेल पेनने "गॅस लावला" लिहिलं, हात फिरला आणि पूर्ण आठवडा निळा झाला. तारखांचा भाग लिहिण्याजोगा हवा असेल तर मॅट किंवा कोटिंग नसलेला जाड कागद सांगा, आणि दुकानातूनच एक तुकडा घेऊन घरच्या पेनने लिहून, लगेच बोट फिरवून बघा. चौकोन एवढे मोठे हवेत की दोन शब्द मावतील. अंक एवढे ठळक हवेत की चष्मा न लावता चार फुटांवरून दिसतील. फोटो थोडा लहान झाला तरी हरकत नाही. चतुर्थी, एकादशी, पौर्णिमा, अमावस्या आणि घरच्यांचे वाढदिवस मी स्वतः टाइप करून दिले, कारण दुकानाच्या तयार साच्यात तिथ्या नव्हत्या.

त्या तयार साच्यावर डोळे झाकून विसंबू नका. कधीकधी फोटो बदलतात आणि तारखांचे चौकोन जुन्या वर्षाचेच राहतात. २०२६ चा १ जानेवारी गुरुवार आहे, २०२७ चा शुक्रवार. प्रत्येक महिन्याची पहिली तारीख आणि वार जुळवून मगच छपाईला हो म्हणा. फाइलची नावंही `01_jan.jpg` ते `12_dec.jpg` अशी द्या. एकच आकडा लिहिला तर संगणकावर कधीकधी १ नंतर १० येतो आणि पानांचा क्रम बिघडतो.

आता २०२७ चं करणाऱ्यांसाठी. त्या वर्षी अधिक महिना नाही, म्हणून सण परत मागे सरकतात. गुढीपाडवा मात्र मार्चमधून एप्रिलच्या ७ तारखेला जाईल, कारण २०२६ चा अधिक महिना मधे पडलाय. गणपती ४ सप्टेंबरला, म्हणजे पान तेच. लक्ष्मीपूजन २९ ऑक्टोबरला, म्हणून यंदा नोव्हेंबरात काढलेला दिवाळीचा फोटो ऑक्टोबरच्या पानावर लावा. दसरा आणि दिवाळी मग एकाच पानावर येतील, तेव्हा त्यातला एक मुखपृष्ठासाठी आत्तापासून राखून ठेवा, आणि नोव्हेंबरसाठी तुळशीच्या लग्नाचे फोटो यंदा जरा जास्त, आणि फोन आडवा धरून काढा.